पांदणीवरची भुकटी आणि शिशाचे दोन आकडे

नागपूर जिल्ह्यातील एका गावात पांदण रस्त्यावर मुरमाऐवजी राखाडी भुकटी पसरवण्यात आली होती आणि तिचा मोठा ढीग रस्त्याच्या कडेला, एका शेतकऱ्याच्या उकिरड्याला लागूनच पडून होता. भुकटी कोणत्या कारखान्यातून आली हे कोणी सांगत नव्हते. उगम ठाऊक असता तर काम सोपे होते, कारण घातक व इतर कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रक्रियांची यादी आहे आणि त्या प्रक्रियेतून निघालेला कचरा यादीनुसारच घातक ठरतो. उगम अज्ञात असल्यामुळे ज्वलनशीलता, अभिक्रियाशीलता, संक्षारकता आणि विषारीपणा हे पदार्थाचे गुणधर्म तपासून निर्णय घ्यावा लागणार होता आणि ते काम आमच्या प्रयोगशाळेकडे आले.

भुकटी टाकणाऱ्या ठेकेदाराकडे दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा अहवाल आधीपासून होता. त्यात भुकटीतून द्रावणात उतरलेले शिसे प्रति लिटर ०.३ मिलिग्रॅम दाखवले होते. मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे त्या कागदानुसार माल निर्धोक होता. ढिगाशेजारच्या शेताचे मालकही मला म्हणाले, "मॅडम, दोन पावसाळे गेले यावरून. आमची ढोरं इथलंच पाणी पेऊन राह्यली, काही झालं नाही." त्यांचे म्हणणे मी टिपून घेतले, कारण ते खोटे नव्हते आणि त्याचे कारण पुढे तपासणीतूनच समजले.

ढिगाच्या वरच्या थरावर पांढुरकी, कडक पापडी धरली होती. कुदळीने ती फोडली की आत गडद, मऊ भुकटी लागत होती. वरचीच पापडी उचलून नेली असती तर वेगळाच पदार्थ तपासला गेला असता, म्हणून ढिगाच्या निरनिराळ्या बाजूंनी आणि खोलींवरून नमुने घेऊन ते एकत्र मिसळले.

ज्वलनशीलतेचा प्रश्न लवकर मिटला. साठ अंशांखालच्या ज्वलनांकाची कसोटी द्रवांसाठी आहे. ही कोरडी, खनिज भुकटी घर्षणाने किंवा ओलाव्याने पेट घेत नव्हती. अभिक्रियाशीलतेसाठी चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली, तेव्हा ती थोडी कोमट झाली, एवढेच. सल्फाइड आणि सायनाइड यांची तपासणी धुराड्याच्या कपाटात आम्ल घालून केली. लेड ॲसिटेटची पट्टी पांढरीच राहिली आणि सायनाइडही आढळले नाही.

संक्षारकतेच्या वेळी मात्र थांबावे लागले. पाण्यात कालवलेल्या भुकटीचा पीएच डिसेंबरच्या सकाळी १२.५ च्या किंचित वर आला आणि १२.५ किंवा त्याहून अधिक पीएच असलेला जलीय कचरा संक्षारक मानला जातो. आमच्या तरुण सहकाऱ्याने नोंदवहीत तसा शेरा लिहायला घेतला होता. परंतु नमुन्याचे तापमान १७ अंश होते. चुन्याच्या पाण्याचा पीएच तापमान उतरले की चढतो, आणि यंत्राची तापमानभरपाई केवळ इलेक्ट्रोडची दुरुस्ती करते, द्रावणातला हा खरा बदल ती पुसत नाही. म्हणून इतका अल्कधर्मी नमुना २५ अंशांवर मोजावा लागतो. त्या तापमानाला आणल्यावर पीएच १२.३ आला. या कसोटीवर भुकटी घातक ठरली नाही, पण तिच्यात भरपूर चुना आहे हे कळले आणि पुढचा सगळा उलगडा त्या चुन्याभोवतीच झाला.

विषारीपणासाठी टीसीएलपी ही पद्धत वापरतात. तिची कल्पना अशी आहे की हा कचरा कुजणाऱ्या सेंद्रिय कचऱ्यासोबत पुरला गेला, तर तिथल्या सौम्य आम्लात त्यातून काय विरघळेल. शंभर ग्रॅम नमुना त्याच्या वीसपट वजनाच्या ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात घालून बाटली मिनिटाला सुमारे तीस फेऱ्यांनी अठरा तास उलटीपालटी फिरवतात आणि गाळलेल्या अर्कात धातू मोजतात. द्रावणे दोन आहेत. पहिल्यात काही आम्ल आधीच कॉस्टिक सोड्याने मारलेले असते आणि त्याचा पीएच ४.९३ असतो, दुसऱ्याचा २.८८. कोणते घ्यायचे हे तपासनीसाच्या मर्जीवर नसते. पाच ग्रॅम नमुना पाण्यात ढवळून पीएच पाचाच्या वर आला, तर त्यात ३.५ मिलिलिटर एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ५० अंशांवर दहा मिनिटे ठेवतात. थंड झाल्यावरही पीएच पाचाच्या वर राहिला, तर दुसरे द्रावण घेणे बंधनकारक आहे. या ३.५ मिलिलिटरमागे हिशेब आहे: प्रत्येक ग्रॅम कचऱ्याच्या वाट्याला पहिल्या द्रावणातून जेवढे मोकळे आम्ल येते, जवळपास तेवढेच आम्ल इथे दिले जाते. कचरा तेवढे आम्ल पचवून टाकत असेल, तर पहिले द्रावण त्याच्यापुढे टिकणारच नाही.

आमच्या नमुन्याने ते आम्ल सहज पचवले. दुसरे द्रावण घेणे भाग होते. तरीही ठेकेदाराच्या अहवालातला आकडा कुठून आला हे मला समजून घ्यायचे होते, म्हणून मी त्याच मिश्र नमुन्याच्या दोन बाटल्या लावल्या, प्रत्येक द्रावणाची एक. दुसऱ्या द्रावणाच्या बाटलीचे झाकण मधूनमधून सैल करावे लागत होते आणि प्रत्येक वेळी फुस्स आवाज येत होता. पापडीतल्या कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता.

पहिल्या द्रावणाच्या अर्कात शिसे ०.४ मिलिग्रॅम आले, म्हणजे जुन्या अहवालाच्या अगदी जवळ. दुसऱ्याच्या अर्कात ते ३८ मिलिग्रॅम होते. नमुना, यंत्र, दिवस सारे एकच असताना हा फरक का पडला, याचे उत्तर शिशाच्या शेजारच्या रकान्यात होते. पहिल्या अर्काचा अखेरचा पीएच ९.४ होता आणि दुसऱ्याचा ५.३. चुन्याने पहिले द्रावण गिळून टाकले होते. शिसे आठ ते दहा पीएचच्या दरम्यान सर्वांत कमी विरघळते, त्यामुळे त्या बाटलीत शिसे होते, पण ते भुकटीतच अडकून राहिले. जुन्या अहवालात द्रावणाचा क्रमांक नव्हता आणि अखेरचा पीएचही नव्हता; हे दोन तपशील नसतील, तर टीसीएलपीचा कमी आकडा मी स्वतः ग्राह्य धरत नाही.

शेतकऱ्याच्या म्हणण्याचे उत्तरही इथेच होते. विहिरीच्या पाण्यात शिसे आमच्या यंत्राच्या शोधमर्यादेपर्यंत आढळले नाही, आणि ती मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या ०.०१ मिलिग्रॅम या मानकाखालची होती. चुना जिवंत आहे तोवर शिसे बांधलेले राहते आणि आपली काळी मातीही ते धरून ठेवते. मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि पावसाने चुना हळूहळू खर्ची पडतो, वरची पांढरी पापडी त्याचीच खूण होती, आणि ढीग टेकला होता तो उकिरडा म्हणजे सेंद्रिय आम्लांचे घरच. टीसीएलपी विहिरीचे भाकीत करत नाही, ती वर्गवारी ठरवते. हे मी ग्रामपंचायतीत स्पष्ट सांगितले, जेणेकरून आज पाणी बिघडले आहे असा समज होऊ नये आणि पाणी चांगले आहे म्हणून ढीगही तसाच राहू नये.

अहवालात आम्ही दोन्ही आकडे दिले, दुसऱ्या द्रावणाचा आकडा वर्गवारीसाठी आणि पहिल्याचा केवळ खुलाशासाठी, आणि भुकटी विषारीपणाच्या कसोटीवर घातक ठरते असे लिहिले. ढिगावर आधी ताडपत्री टाकली गेली आणि नंतर तो बुटीबोरीच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात रवाना झाला. रस्त्यावर पसरलेली भुकटी काढणे अधिक किचकट होते, कारण बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी ती मातीत दाबली गेली होती. तिथे थराथराने माती उचलून प्रत्येक थराचे एकूण शिसे मोजले, आणि भुकटी न पडलेल्या शेजारच्या शेतातील मातीइतका आकडा आल्यावरच खोदकाम थांबवण्यास आम्ही संमती दिली.