सांगलीचा मसाला मराठवाड्यात: लातूर, उदगीर आणि नांदेड येथे वितरक शोधताना

सांगलीजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात कांदा-लसूण मसाला, हळद आणि मिरची पूड तयार होते. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या जिल्ह्यांत माल बऱ्याच वर्षांपासून जातो, परंतु मराठवाड्यात त्याला कोणी ओळखत नव्हते. तेथे वितरक नेमण्यासाठी मी आणि आमची विक्री पाहणारे सहकारी मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे रेल्वेने लातूरला गेलो आणि पुढे उदगीर व नांदेड केले. याच वाटेने माल घेऊन जाऊ पाहणाऱ्या लहान उत्पादकांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत.

नव्या शहरात उतरल्यावर आम्ही पहिल्या दिवशी एकाही वितरकाला भेटत नाही. तो दिवस किराणा दुकानांसाठी असतो. सकाळी आणि संध्याकाळी दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून साडेअकरा ते चार ही वेळ धरावी. लातुरात आम्ही औसा रोडपासून सुरुवात केली आणि एकमेकांपासून दूर असलेल्या वस्त्यांतील दुकानांत तेच तीन प्रश्न विचारले: स्थानिक मसाल्यांचा माल कोण पोहोचवतो, ठरलेल्या वारी न चुकता कोणाचा माणूस येतो, आणि फुटलेले किंवा मुदत संपलेले पाकीट कुरकुर न करता कोण परत घेतो. पहिल्या प्रश्नाला बरीच नावे मिळतात, तिसऱ्याला फार थोडी. एकमेकांशी संबंध नसलेल्या दुकानांत तिसऱ्या प्रश्नाला जे नाव पुन्हा पुन्हा येते, ते आपल्या वहीत वर लिहावे. एका दुकानदाराने आमचे पाकीट हुंगून पाहिले आणि म्हणाले, “माल चांगला आहे हो, पण तुमचा माणूस पुढच्या महिन्यात येणार का, ते आधी सांगा.” नव्या मालाविषयी दुकानदाराची शंका बहुधा दर्जाची नसते, पैसे अडकतील आणि विचारायला कोणी उरणार नाही, ही असते.

याच फिरण्यात चवीचाही अंदाज येतो. मराठवाड्यातील पुष्कळ घरांत काळे तिखट आणि येसर उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवतात. त्यामुळे आमच्या कांदा-लसूण मसाल्याचे मोठे पाकीट तेथे फारसे हलणार नव्हते. 10 रुपयांचे पाकीट मात्र चव पाहण्यासाठी घेतले जाते. शिकवणी वर्गांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या खानावळींमुळे लातुरात किलोच्या पाकिटालाही मागणी आहे, परंतु खानावळींना माल देणारे व्यापारी निराळे असतात आणि त्यांचा भावही निराळा असतो. किराणा वितरकाकडे दोन्ही सोपवल्यास किलोचे पाकीट फोडून सुटा माल विकला जाण्याची भीती राहते, म्हणून तो भाग आम्ही तूर्त बाजूला ठेवला.

गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथील एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने पहिल्याच भेटीत भरघोस मागणी देऊ केली. दौऱ्यावरच्या माणसाला असा मोह आवरणे कठीण जाते, तरीही आम्ही नकार दिला. घाऊक व्यापारी आणि वितरक यांची कामे वेगळी आहेत. खेड्यांतले दुकानदार घाऊक व्यापाऱ्याच्या दारात येतात आणि तो नगावर अगदी थोडा नफा ठेवून माल सोडतो. वितरक स्वतः दुकानोदुकानी माणूस पाठवतो, माल पोहोचवतो आणि उधारी गोळा करतो. नवा माल आधी घाऊक बाजारात गेला की त्याचा भाव तेथे ठरतो, आणि नंतर नेमलेल्या वितरकाला त्या भावात माणसाचा पगारसुद्धा सुटत नाही. घाऊक बाजार वितरकाच्या मागून यावा.

दुसऱ्या दिवशी निवडलेल्या नावांची कागदोपत्री पडताळणी करावी. gst.gov.in या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ती कधीची आहे आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली आहेत, हे दिसते. विवरणपत्रे सतत उशिरा भरणारा माणूस आपले पैसेही उशिराच देईल, असा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्रातील क्रमांकाचे पहिले दोन अंक 27 असतात आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. त्या पॅनमधील चौथे अक्षर पी असल्यास नोंदणी व्यक्तीच्या नावे आणि एफ असल्यास भागीदारीच्या नावे आहे, असे समजावे. भागीदारी असेल तर पत्रावर आणि धनादेशावर कोण सही करणार, हे तेथेच विचारून घ्यावे. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवानाही पाहावा.

कागदांपेक्षा गोदाम अधिक सांगते. मसाल्याच्या पेट्या अगरबत्ती किंवा कपड्यांच्या साबणाला लागून ठेवल्या, तर पाकिटाच्या आत वास उतरतो आणि गिऱ्हाईक दोष आपल्याला देते. पेट्या जमिनीवर आहेत की लाकडी फळ्यांवर, भिंतीला ओल आहे का, हे पाहावे. मग इतर कंपन्यांच्या पेट्यांवरील तारखा वाचाव्यात. नवा माल पुढे आणि जुना मागे दडलेला दिसला, तर आपल्या मालाचेही तेच होणार. शक्य असल्यास संध्याकाळी सातनंतर जाऊन तासभर बसावे. त्या वेळी सेल्समन वसुली घेऊन परततात. हिशेब त्याच रात्री मिटतो की “उद्या बघू” म्हणून पुढे ढकलला जातो, यावरून धंद्याची शिस्त कळते.

लातुरात ज्यांच्याशी बोलणे पुढे गेले, त्यांनी पहिलाच प्रश्न मार्जिनचा काढला. आम्ही विक्रीवर 10 टक्के सांगितले. त्यांना 12 हवे होते. मार्जिनच्या आकड्यावर ओढाताण करण्यापेक्षा त्यांचा महिन्याचा हिशेब समोर मांडणे अधिक उपयोगी पडते, म्हणून त्यांच्याच वहीत मांडला. सुरुवातीला महिन्याची विक्री 80,000 रुपये धरली, म्हणजे मिळकत 8,000. आमच्या मालासाठी सेल्समन आठवड्याच्या सहा दिवसांपैकी दोन दिवस लागणार. त्याचा पगार 15,000 असल्याने आमच्या वाट्याला 5,000 येतात. गाडीचे 2,000 वजा जाता हातात 1,000 उरतात. पंधरा दिवसांचा साठा म्हणजे 40,000 आणि बाजारातील उधारी साधारण 60,000, अशी एक लाखाची रक्कम गुंतते. लाखावर महिन्याला हजार, म्हणजे एक टक्का, मिळवण्यासाठी कोणीही वितरक फार काळ थांबणार नाही. त्याला दोन ते तीन टक्के तरी सुटावे लागतात. 12 टक्के दिले असते, तरी हा हिशेब जेमतेम अडीच टक्क्यांपर्यंत गेला असता आणि एकदा वाढवलेले मार्जिन पुन्हा खाली आणता आले नसते.

म्हणून आम्ही मार्जिन 10 टक्केच ठेवले आणि दोन गोष्टी कबूल केल्या. पहिले सहा महिने सेल्समनच्या त्या खर्चातील निम्मा वाटा, म्हणजे 2,500 रुपये, आम्ही देऊ. शिवाय माल महिन्यातून दोनदा न पाठवता दर आठवड्याला भाडे भरून पाठवू, म्हणजे दहा दिवसांचा साठा पुरेल. आता उरतात 3,500 आणि गुंततात सुमारे 87,000, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. सहा महिन्यांनंतर मदत थांबेल तेव्हा विक्री 1,20,000 वर गेलेली असावी. गाडीखर्च पाचशेने वाढला तरी 4,500 उरतात, आणि 1,30,000 गुंतवणुकीवर ते साडेतीन टक्के पडतात. विक्री तोपर्यंत 80,000 वरच अडकली, तर ही नेमणूक टिकणार नाही, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असलेले बरे.

उदगीरला फार वेळ गेला नाही. बाजारपेठ डाळींची, कर्नाटकातील बीदर जवळ, आणि भेटलेले गृहस्थ सज्जन. पण त्यांना दोन महिन्यांची उधारी हवी होती. आम्ही पहिल्या तीन मागण्या रोखीने आणि नंतर पंधरा दिवस, यापलीकडे जात नाही. येथे एक कायदेशीर आधारही आहे: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदत चुकवली तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षीच खरेदीदाराला प्राप्तिकरात तो खर्च दाखवता येतो. आपला उद्यम क्रमांक बिलावर छापावा. वितरकाचा कर सल्लागारच मग त्याला आठवण करून देतो. उदगीर सध्या लातूरच्या वितरकाकडूनच सांभाळायचे ठरले.

नांदेडमध्ये प्रश्न हद्दीचा निघाला. आमच्या मनाजोगते वितरक वजिराबादेत भेटले, परंतु त्यांना सगळा जिल्हा हवा होता. देगलूर आणि धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर आहेत, धर्माबाद तर मिरचीचीच पेठ आहे, आणि त्यांची गाडी तेथे आठवड्याला जात नव्हती. नियुक्तिपत्रात जिल्हा न लिहिता तालुक्यांची नावे लिहावीत, असा माझा आग्रह असतो. जेथे गाडी जाते तेवढेच तालुके द्यावेत आणि उरलेल्यांसाठी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावे. त्याच पत्रात नेमणूक संपल्यास चांगला शिल्लक माल कोणत्या भावाने परत घेतला जाईल, हेही लिहावे. हे वाक्य वाचल्यावर नांदेडचे गृहस्थ बरेच मोकळे झाले; आधीच्या एका कंपनीने त्यांना साठ्यासकट वाऱ्यावर सोडले होते.

वितरक टिकतो की जातो, हे पुढे दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे क्लेम. फुटका व मुदतबाह्य माल आणि स्कीमचे देणे यांचा कागद महिन्याच्या 5 तारखेपर्यंत घ्यावा आणि 20 पर्यंत क्रेडिट नोट द्यावी. नाकारायचा क्लेमही त्याच मुदतीत, कारणासह लेखी नाकारावा. मुदत संपायला तीन महिने उरलेला माल मंद दुकानातून उचलून जेथे खप आहे तेथे हलवावा, म्हणजे क्लेमच कमी होतात. दुसरी म्हणजे भाव पाडणे. महिन्याच्या अखेरीस वितरकाची खरेदी एकाएकी वाढली आणि त्याने बिल केलेल्या दुकानांची संख्या मात्र तेवढीच राहिली, तर माल कमी भावाने दुसऱ्याच्या हद्दीत जात आहे, असा संशय घ्यावा. आम्ही प्रत्येक पेटीवर वितरकाचा छोटा सांकेतिक क्रमांक मारतो. नांदेडच्या दुकानात लातूरची पेटी सापडली, की वाद घालावा लागत नाही.

पहिला माल पोहोचल्यावर महिन्याच्या आत दुसरी फेरी करावी आणि पहिल्या दिवशी पाहिलेल्या दुकानांतच पुन्हा जावे. आपण येत असल्याचे वितरकाला अवश्य कळवावे. कोणत्या दुकानांत जाणार, ते मात्र सांगू नये.