इंटर्नशिपचा पहिला दिवस आणि टीमला लिहिलेला पहिला मेल

रुजू झाले त्या दिवशी सकाळी लॅपटॉप मिळाला, पासवर्ड बदलून झाला, आणि अकराच्या सुमारास गाइड मॅडम म्हणाल्या, "टीमला एक छोटासा परिचयाचा मेल टाक. पाठवण्याआधी मला दाखव." काम सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो मेल जायला दुपारचे साडेतीन वाजले. मधल्या वेळात जे कळलं, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिला मसुदा मी वीस मिनिटांत लिहिला. सुरुवात होती, "नमस्कार सर्वांना, आपण सर्व कुशल असाल अशी आशा करते." पुढे कॉलेज, शाखा, कितवं वर्ष, गुण, दोन स्पर्धांमधली बक्षिसं, वाचनाची आणि भटकंतीची आवड. त्यानंतर "पायथनमध्ये प्रावीण्य आहे", "नवीन गोष्टी शिकण्याची मनापासून इच्छा आहे", आणि शेवटी "आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा करते". एकूण एकोणीस ओळी. सोबत बायोडेटाही जोडला होता.

मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि मला त्यांच्या स्क्रीनवर इनबॉक्स दाखवला. प्रत्येक मेलची तिथे एक पट्टी दिसते: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द. "बहुतेक जण आधी एवढंच बघतील," त्या म्हणाल्या. "तुझ्या मेलचे पहिले शब्द कुशल-मंगलात गेले. तू कोण, हे आतल्या चौथ्या ओळीत आहे." मग त्यांनी विचारलं, "ही चौदा माणसं आहेत. यांपैकी एखाद्याला उद्या तुझ्याशी बोलायचं असेल, तर कशाबद्दल बोलेल?" मी मसुदा पुन्हा वाचला. त्यात माझ्या कामाबद्दल एकही वाक्य नव्हतं. चूक नेमकी तिथे होती. मी लिहिलं होतं ते निवड करणाऱ्यांसाठी, आणि निवड तर होऊन गेली होती. टीमला माझे गुण नको होते. मी काय करणार, किती दिवस आहे आणि कुणाच्या हाताखाली आहे, हे त्यांना हवं होतं.

'प्रावीण्य' या शब्दावर त्या जास्त वेळ थांबल्या. "हे लिहिलंस तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी एखादी अडलेली स्क्रिप्ट घेऊन येईल, आणि ते त्यांचं चुकणार नाही. तू पायथनमध्ये नेमकं काय केलं आहेस?" मी कॉलेजच्या प्रकल्पाबद्दल सांगितलं: ग्रंथालयाच्या सुमारे चार हजार नोंदी स्वच्छ करून त्यांची वर्गवारी लावली होती. "मग तेच लिही. त्यावरून तुला काय येत असेल याचा अंदाज ज्याचा तो बांधेल." मला हे फार पटलं. केलेलं काम सांगितलं की त्याची मर्यादाही आपोआप दिसते. 'प्रावीण्य' म्हटलं की ती झाकली जाते.

मी दुसरा मसुदा लिहायला वळले, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "सकाळी सरांनी तुझा परिचय पाठवला आहे, तो वाचलास ना?" मी वाचला नव्हता. माझ्या इनबॉक्समध्ये तो आलाच नव्हता.

त्यांच्या स्क्रीनवर तो होता. मॅनेजर सरांनी सव्वानऊला टीमच्या ग्रुप आयडीवर चार ओळी पाठवल्या होत्या. मी एक कोरा मेल उघडून 'टू'मध्ये तोच ग्रुप टाकला. आमच्याकडे आउटलुक आहे. त्यात ग्रुपच्या नावाशेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक केलं की आतली नावं उलगडतात. चौदा नावं होती, माझं नव्हतं. खातं सकाळी तयार झालं होतं, पण ग्रुपमध्ये मला अजून कुणी घातलंच नव्हतं. म्हणजे टीमला उद्देशून आलेला कुठलाही मेल माझ्यापर्यंत पोचत नव्हता, आणि न आलेल्या मेलची चाहूल लागणार तरी कशी? मॅडमनी लगेच आयटीकडे विनंती टाकली. तुम्हीही पहिल्याच दिवशी हे तपासून घ्या. मिळालेला परिचयाचा मेल थेट आपल्या नावावर आला आहे की ग्रुपवरून, हे पाहिलं तरी बरंच कळतं. (अधिक चिन्हाबद्दल एक सांगायचं राहिलं: एकदा ग्रुप उलगडला की तो त्या मेलमध्ये पुन्हा मिटत नाही, सुटे पत्ते तसेच राहतात. म्हणून हे कोऱ्या मेलमध्ये बघावं आणि तो मेल टाकून द्यावा.)

सरांनी परिचय करून दिलाच आहे म्हटल्यावर वेगळा मेल पाठवण्यात अर्थ नव्हता. एकाच माणसाबद्दल एका दिवसात दोन वेगळ्या विषयांचे दोन मेल आले की वाचणाऱ्याला दोन्ही जुळवावे लागतात. सरांच्याच मेलला 'रिप्लाय ऑल' केलं तर सगळं एका साखळीत राहतं, आणि 'मी इंटर्न म्हणून अमुक कॉलेजातून आले' वगैरे पुन्हा सांगावं लागत नाही. पण जो मेल माझ्याकडे आलाच नाही, त्याला उत्तर देणार कसं? मॅडमनी मला तो फॉरवर्ड केला असता, तर माझं उत्तर फक्त मॅडमकडे गेलं असतं. त्यांनी वेगळं केलं. स्वतः सरांच्या मेलला 'रिप्लाय ऑल' करून 'सीसी'मध्ये माझा पत्ता घातला आणि एकच ओळ लिहिली, "हिला ग्रुपमध्ये अजून जोडलेलं नाही, म्हणून इथे घेते आहे." आता मी त्या साखळीत होते आणि तिथूनच सगळ्यांना उत्तर देऊ शकत होते.

दुसरा मसुदा असा झाला. मूळ मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

"नमस्कार,

सरांनी सकाळी लिहिल्याप्रमाणे मी आजपासून आठ आठवडे टीममध्ये आहे. पहिले दोन आठवडे माझ्याकडे एकच काम आहे: गेल्या सहा महिन्यांत बंद झालेली तक्रारींची तिकिटं वाचून त्यांचे प्रकार पाडणं, म्हणजे कोणत्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात ते कळेल.

कॉलेजच्या प्रकल्पात मी ग्रंथालयाच्या सुमारे चार हजार नोंदींची पायथन वापरून अशी वर्गवारी केली होती. आपली तिकिटांची प्रणाली मात्र मला नवी आहे.

या तिकिटांचे प्रकार याआधी कुणी पाडले असतील, तर ती यादी मला पाहायला मिळेल का? अर्धवट असली तरी चालेल.

बुधवारी दुपारी माझं कॉलेज असतं. बाकी सर्व दिवस मी दहा ते सहा उपलब्ध आहे. मला पहिल्या नावानेच हाक मारा."

खाली माझं नाव, 'इंटर्न' आणि गाइड मॅडमचं नाव. वैयक्तिक फोन नंबर मी काढून टाकला. ऑफिसच्या चॅटवर मी होतेच, आणि चौदा जणांच्या साखळीतला मेल पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. बायोडेटाही काढला.

या मसुद्यातली यादीबद्दलची ओळ मॅडमनी सुचवली. माझ्या मनात होतं, "काही मदत लागली तर मी आपल्याला विचारेन." त्या म्हणाल्या, "याला कुणी उत्तर देत नाही, कारण यात उत्तर देण्यासारखं काही नाही. ज्याचं उत्तर एका मिनिटात देता येईल असं काहीतरी विचार." 'अर्धवट असली तरी चालेल' हे शब्द मात्र माझे. आपली यादी नीट नाही म्हणून एखादा माणूस दाखवायला संकोच करेल, असं मला वाटलं.

आवडीनिवडींची एखादी ओळ ठेवावी का, यावर आमचं थोडं बोलणं झालं. काही टीममध्ये ती प्रथा असते. सरांनी किंवा जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्या परिचयात तसं लिहिलं असेल तर आपणही एक ओळ लिहावी. इथे जुने दोन-तीन परिचयाचे मेल मॅडमनी दाखवले, त्यांत तसं काही नव्हतं. मी ठेवली नाही. असे जुने मेल बघायला मागणं मला सगळ्यात उपयोगी वाटलं, कारण मेल किती लांब असावा आणि 'सर' लिहावं की नुसतं नाव, हे त्यांतूनच कळतं.

पाठवण्याआधी दोन गोष्टी केल्या. मसुदा मी नोट्समध्ये लिहिला होता. तो चिकटवला तेव्हा अर्धा मजकूर एका फाँटमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात दिसू लागला, म्हणून पुसून पुन्हा Ctrl+Shift+V ने साधा चिकटवला. मग 'रिप्लाय ऑल'मध्ये कोणकोण आले ते पाहिलं. सरांनी सकाळी एचआरमधल्या एका बाईंना आणि लॅपटॉप देणाऱ्या सहकाऱ्यांना 'सीसी'मध्ये ठेवलं होतं. तिकिटांच्या यादीची चर्चा त्यांच्या कामाची नव्हती, म्हणून मॅडमना विचारून ते दोन पत्ते काढले. वेबवरच्या आउटलुकमध्ये 'अनडू सेंड'ला जास्तीत जास्त १० सेकंद मिळतात, तेवढे मी आधीच लावून ठेवले होते. जीमेलमध्ये ते ३० पर्यंत वाढवता येतात.

साडेतीनला मेल गेला. त्या दिवशी पाच उत्तरं आली. तीन स्वागताची होती, ती फक्त मला. त्यांना मी एकेकट्याला एका ओळीत उत्तर दिलं. चौथं सगळ्यांना होतं: "सहा महिने म्हणजे नेमके कोणते? मधे प्रणाली बदलली आहे." याचं उत्तर मीही सगळ्यांनाच दिलं, कारण तो प्रश्न इतरांनाही पडला असता. त्याआधी तारखा मॅडमना विचारून घेतल्या. प्रणाली बदलण्याआधीची तिकिटं वेगळ्या ठिकाणी होती, हे मला त्या प्रश्नामुळेच कळलं.

पाचवं उत्तर संध्याकाळी पावणेसहाला आलं, टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं. त्यांनी दोन वर्षांपूर्वीची एक शीट जोडली होती, ३१ प्रकारांची. सोबत लिहिलं होतं, "हे मी मधेच सोडलं, कारण निम्म्याहून जास्त तिकिटं 'इतर'मध्ये जाऊ लागली. उद्या अकराला ये, 'इतर' उघडून बघू." दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांच्या टेबलापाशी होते, आणि आम्ही पहिलं तिकीट 'इतर'मधलंच वाचायला घेतलं.