पावसाच्या वहीतील तारखा काळाच्या क्रमाने लावताना

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी वहीतून संगणकावर उतरवण्याचे काम पूर्ण झाले आहे. आता पावसाच्या दोन नोंदींमध्ये किती दिवसांचा खंड पडला ते काढायचे आहे आणि त्यासाठी नोंदी काळाच्या क्रमाने लागणे ही पहिली अट आहे. फाइलमध्ये तारखा दिवस, महिना, वर्ष अशा मजकुराच्या रूपात असल्याने नुसता क्रम लावण्याचा आदेश दिला की पुढीलप्रमाणे यादी मिळते.

```
05/07/2023
12/06/2022
21/06/2023
28/09/2022
3/7/2022
```

संगणक येथे तारीख पाहत नाही. तो डावीकडून एकेक अक्षर ताडून पाहतो. पहिल्या एक-दोन अक्षरांवरच निकाल लागत असल्याने महिना आणि वर्ष बहुतेक वेळा विचारातच येत नाहीत. त्यामुळे २०२३ मधील ५ जुलै सर्वांच्या वर जातो आणि २०२२ मधील ३ जुलै, केवळ दिवसाआधी शून्य नसल्यामुळे, तळाशी राहतो. तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आणि शून्य भरून `2022-07-03` अशा लिहिल्या असत्या, तर अक्षरांचा आणि काळाचा क्रम एकच झाला असता. मात्र वहीतील मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणे मला महत्त्वाचे वाटते, म्हणून मजकूर न बदलता केवळ तुलनेसाठी त्याची खरी तारीख बनवायची, असे ठरवले.

```python
import re
from datetime import date

def kal(t):
    d, m, y = [int(x) for x in re.split(r"[/.-]", t)]
    if y < 100:
        y += 2000
    return date(y, m, d)

nondi.sort(key=lambda n: kal(n[0]))
```

वरील पाच तारखा आता १२ जून, ३ जुलै आणि २८ सप्टेंबर २०२२, त्यानंतर २१ जून आणि ५ जुलै २०२३ अशा लागतात. नोंदी आम्ही दोघा भावंडांनी उतरवल्यामुळे काही ठिकाणी तिरपी रेघ आहे, तर काही ठिकाणी टिंब किंवा आडवी रेघ. काही अंक इंग्रजी आहेत, काही देवनागरी. पायथनचे `int` देवनागरी अंकही वाचते, त्यामुळे `०५` आणि `05` यांतून सारखाच ५ मिळतो. वर्षाची अट मात्र आवश्यक आहे, कारण `22` हे वर्ष `date` निमूटपणे इसवी सन २२ म्हणून स्वीकारते आणि ती नोंद यादीच्या माथ्यावर जाऊन बसते. आमच्या सर्व नोंदी २००० नंतरच्या असल्यामुळेच ही अट येथे चालते. ३१ जून अशी अशक्य तारीख आली, तर कार्यक्रम तेथेच थांबतो आणि वही पुन्हा उघडून पाहता येते. एकाच दिवशीच्या दोन नोंदी पायथनमध्ये मूळ क्रमानेच राहतात, म्हणून सकाळची नोंद संध्याकाळच्या आधीच येते.

शेजारच्या गावातील एका मित्राने दिलेल्या स्प्रेडशीटने याहून अवघड प्रश्न उभा केला. त्यात महिना आधी वाचण्याची अमेरिकी मांडणी निवडलेली होती. त्यामुळे ज्या तारखांचा दिवस १ ते १२ होता, त्यांतील दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊन त्या खऱ्या तारखा बनल्या. तेराव्या दिवसापासूनच्या तारखा, तेरावा महिना नसल्यामुळे, मजकूरच राहिल्या. अशी फाइल ओळखण्याची खूण अशी की एकाच रकान्यात काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. क्रम लावल्यावर उजवीकडच्या सगळ्या वर जातात आणि एकाच महिन्याचे दोन तुकडे होतात. मूळ मजकुराची फाइल हाताशी असेल, तर ती पुन्हा आयात करताना त्या रकान्यासाठी दिवस-महिना-वर्ष हा प्रकार निवडावा. तशी फाइल नव्हती, परंतु सर्व नोंदी एकाच मांडणीत भरल्या गेल्याचे ठाऊक होते. त्यामुळे अंदाज बांधण्याची गरज पडली नाही: उजवीकडच्या प्रत्येक तारखेत दिवस आणि महिना परत उलटवायचे आणि डावीकडच्या वरच्या `kal` मधून काढायच्या.

पडताळणीसाठी मित्राच्या वहीतील वार उपयोगी पडले. ५ जुलै २०२३ बुधवारी येतो, तर उलटलेला ७ मे २०२३ रविवारी, त्यामुळे चूक लगेच दिसते. या कसोटीला मर्यादा आहे, कारण ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर यांचा वार दरवर्षी एकच असतो, तसाच ५ सप्टेंबर आणि ९ मे यांचाही. अशा जोड्यांसाठी मी आजूबाजूच्या नोंदी पाहतो. मे महिन्यात एकाकी मोठा पाऊस दिसला की ती नोंद बहुधा सप्टेंबरची असते, पण अवकाळी पाऊस आपल्याकडे होतोच, म्हणून वही पाहिल्याशिवाय ती हलवत नाही. या जोड्यांमधील नोंदी तपासून झाल्या की दोन्ही गावांचे खंड एकाच तक्त्यात मांडेन.