तुम्ही विचारलंत म्हणून: देखभालीची वर्षं अर्जात कशी मांडायची

"माझी सगळी वर्षं जुन्या सिस्टिमच्या देखभालीत गेली. शून्यापासून असं काही बांधलंच नाही. आता नव्या टेक्नॉलॉजीवर काम करणाऱ्या टीमला अर्ज करायचाय, तर हे दाखवू कसं? की झाकूनच ठेवू?"

झाकू नका. झाकलं तर रेझ्युमेत उरतं काय? चार ऑनलाइन कोर्स आणि एक टू-डू लिस्टचं ॲप. मुलाखत घेणाऱ्याने अशी ॲप्स ढिगाने पाहिलेली असतात. पण "इतक्या वर्षांचा अनुभव" असं ठळक टाइपात लिहूनही काही साधत नाही, कारण त्या वर्षांत तुम्ही ठरवलं काय आणि नुसतं सांगितलं म्हणून केलं काय, हे आकड्यावरून कळत नाही. मी मुलाखतीच्या दोन्ही बाजूंना बसलेय. समोरच्याला शंका असते ती नेमकी हीच. माझा सल्ला म्हणून एवढाच असतो, की एक अडचण निवडा, ती मुळापासून सांगा आणि बाकीची वर्षं दोन ओळींत आटपा.

माझ्या एका जुन्या सहकारीचं उदाहरण देते. तिच्या रेझ्युमेत एवढंच होतं: "कोबॉल, जेसीएल, डीबी२. रात्रीच्या बॅच जॉब्सची देखभाल आणि प्रॉडक्शन सपोर्ट." वाचणाऱ्याला यातून कळतं की जॉब पडला की ही उठून तो पुन्हा चालवायची. मी तिला विचारलं, पुन्हा चालवायला कधी भीती वाटली होती का? त्यावर तिने जे सांगितलं ते रेझ्युमेत कुठेच नव्हतं.

खात्यांवर व्याज चढवणारा रात्रीचा जॉब मध्येच `S0C7` देऊन पडला. मेनफ्रेमवाल्यांना हा कोड तोंडपाठ असतो. आकडा असायला हवा तिथे आकडा नसलेलं काहीतरी आलं आणि प्रोग्रॅम त्यावर हिशोब करायला गेला, की हा येतो. इथे दुसऱ्या सिस्टिमकडून आलेल्या फाइलीत एका रेकॉर्डच्या रकमेच्या जागी नुसत्या स्पेसेस होत्या. इथवरचं रोजचंच. जॉब दर १,००० खात्यांनंतर कमिट करायचा आणि शेवटचं पूर्ण झालेलं खातं कोणतं याची खूण एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचा. पडला तर ती फाइल वाचायची आणि तिथून पुढे सुरू करायचं, असं रनबुकात लिहिलेलं होतं.

तिने तसं लगेच केलं नाही. आधी डेटाबेसमध्ये क्वेरी मारून आजच्या रनमध्ये व्याज चढलेलं शेवटचं खातं पाहिलं. फाइल म्हणत होती ४१,००० खाती झाली. टेबल म्हणत होतं ४३,०००. रनबुकाप्रमाणे रीस्टार्ट केला असता तर मधल्या २,००० खात्यांवर व्याज दोनदा चढलं असतं आणि जॉब मात्र हिरवा दिसला असता.

हा फरक का पडला, तर फाइलीत लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर जात नाही, आधी बफरमध्ये थांबते. प्रोग्रॅम असा अचानक कोसळला तर बफरमधलं डिस्कवर पोहोचेलच याची खात्री नसते. डीबी२ने मात्र शेवटच्या कमिटपर्यंतचं सगळं चोख जपलं होतं आणि पुढचं अर्धवट काम मागे घेतलं होतं. थोडक्यात, काम एकीकडे आणि कामाची नोंद दुसरीकडे, आणि दोघांचा एकमेकांशी करार नाही. एरवी हे दोन आकडे बहुतेक वेळा जुळायचे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या रात्री तिने स्पेसेसवाला रेकॉर्ड बाजूला काढून टेबलातल्या आकड्यापासून रीस्टार्ट केला. नंतर ती खूणच फाइलीतून काढून डीबी२च्या एका टेबलात नेली, म्हणजे व्याजाच्या नोंदी आणि खूण एकाच कमिटमध्ये जातात. पडलं तर दोन्ही एकत्र मागे येतात. स्पेसेसवाल्या रेकॉर्डसाठी हिशोबाच्या आधी तपासणी घातली:

```cobol
IF WS-AMOUNT IS NUMERIC
    PERFORM POST-INTEREST
ELSE
    PERFORM REJECT-RECORD
END-IF
```

या पाच ओळींमागे एक वादही होता. टीममधल्या काहींचं म्हणणं होतं, स्पेस आली तर शून्य धरा आणि पुढे चला, जॉब तरी पडणार नाही. तिने नकार दिला. शून्य धरलं की त्या खातेदाराचं व्याज गुपचूप बुडणार आणि तक्रार आल्याशिवाय कुणाला पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा रेकॉर्ड बाजूला काढून सकाळी पाठवणाऱ्या टीमला दाखवलेलं बरं. मग तिने टेस्टच्या डेटावर तो जॉब मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी कॅन्सल केला, रीस्टार्ट केला आणि शेवटची टेबलं न थांबता झालेल्या रनच्या टेबलांशी ओळ न ओळ ताडून पाहिली.

आता नव्या टीमकडे बघा. तिथे रात्रीचा बॅच नसेल, काफ्कावरून येणारे मेसेज वाचणारा कन्झ्युमर असेल. तो मेसेज वाचतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि मग कुठवर वाचलं त्याचा ऑफसेट पुढे सरकवतो. नोंद झाली आणि ऑफसेट सरकण्याआधी प्रोसेस मेली, तर उठल्यावर तोच मेसेज पुन्हा येतो. पैसे दोनदा कापले जाण्याची जागा हीच. त्यावरचे उपायही ओळखीचे आहेत: ऑफसेट त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, नाहीतर प्रत्येक मेसेजला कायमचा आयडी देऊन तो आधी येऊन गेलाय का ते बघा. पहिला उपाय तिने कोबॉलमध्ये केलेलाच आहे.

रेझ्युमेतली ओळ आम्ही बदलली ती साधारण अशी: "व्याज चढवणारा जॉब रीस्टार्ट केल्यावर नोंदी दोनदा पडू शकतात हे शोधलं; रीस्टार्टची खूण डेटाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आणली; जॉब मुद्दाम पाडून निकाल अखंड रनशी जुळवले." कोबॉल आणि डीबी२ खाली स्किल्समध्ये गेले. काढून टाकले नाहीत, कारण खोटं काही करायचंच नव्हतं. ओळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र आधी अडचण यावी, भाषा नंतर. काफ्काचं नाव त्या ओळीत घुसडायचा मोह तिलाही झाला होता. तो आवरला, कारण त्या कामात काफ्का नव्हतं आणि पुढचा पहिलाच प्रश्न त्यावर आला असता.

मुलाखतीत ही गोष्ट सांगताना घसरण्याच्या दोन जागा मी नेहमी पाहते. पहिली म्हणजे "आम्ही". आम्ही शोधलं, आम्ही बदललं. जुन्या सिस्टिमवर टीम मोठी, मंजुऱ्या अनेक, त्यामुळे ही सवय लागते. पण समोरच्याला तुम्ही काय केलंत तेच हवं असतं. क्वेरी मी मारली, बदलाचा प्रस्ताव मी लिहिला, कोड सहकाऱ्याने तपासला, प्रॉडक्शनवर रिलीज टीमने नेला, असं नावनिशीवार सांगा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिलं की तुमच्या वाट्याचं अधिक खरं वाटतं. दुसरी जागा म्हणजे जुन्या सिस्टिमला नावं ठेवणं. "सगळा गुंताच होता, कुणी लिहिलाय कोण जाणे" असं म्हटलं की तुम्ही आधुनिक वाटाल असा समज असतो. माझ्या मनात तेव्हा येतं, की आमचा कोडही दोन वर्षांत असाच होणार, तेव्हा हा माणूस हेच म्हणणार. फाइलीत खूण ठेवणाऱ्याने ती का ठेवली असेल याचा अंदाज सांगता आला, तर तो उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

आकडे आणि नावं जपून. जुन्या कंपनीचा कोड, ग्राहकाचं नाव, खऱ्या रकमा काहीच बाहेर न्यायचं नाही. "काही हजार खाती" एवढ्याने काम भागतं. आणि आठवत नसलेला आकडा रचू नका, "खर्च चाळीस टक्क्यांनी घटवला" असल्या ओळीवर "कसा मोजलात?" हा प्रश्न ठरलेला असतो.

एवढ्याने सगळं भागेल असं मात्र समजू नका. त्यांच्याकडे कोड गिटमध्ये असतो, प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालतात, सर्व्हिस कंटेनरमध्ये असते. तुम्ही वर्षानुवर्षं चेंज रिक्वेस्ट भरून पंधरवड्यातून एकदा रिलीज पाहिला असेल, तर हा सराव नाही हे त्यांना लगेच कळतं. त्यासाठी टू-डू लिस्ट बांधण्यापेक्षा तुमचीच अडचण नव्या साधनांत पुन्हा उभी करा. माझ्या सहकारीने पायथन, पोस्टग्रेस आणि काफ्का घेऊन एक लहानसा कन्झ्युमर लिहिला. आधी ऑफसेट वेगळा ठेवून `kill -9` ने पाडला आणि दोनदा पडलेल्या नोंदी दाखवल्या. मग ऑफसेट त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आणून तीच टेस्ट पुन्हा चालवली. रीडमीमध्ये चार परिच्छेदांत हे का केलं ते लिहिलं. शिकण्याची तयारी आहे हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

काही जण म्हणतात, माझ्याकडे अशी गोष्टच नाही. बऱ्याचदा ती असते, पण तिकिटात पुरलेली असते. अजून त्या नोकरीत असाल तर स्वतःची बंद झालेली तिकिटं चाळा आणि जिथे तुम्ही रनबुकापेक्षा वेगळं काही केलंत, किंवा "हे असं करू नका" असं लिहिलंत, तिथे थांबा. कारण, तुमचा निर्णय आणि खात्री कशी केलीत, एवढं स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवा. खरोखरच काही सापडलं नाही, म्हणजे सगळी वर्षं रनबुकाप्रमाणे जॉब चालवण्यात गेली असतील, तर अर्जाआधी आहात तिथेच एखादा छळणारा जॉब मागून घ्या. अशा जॉबसाठी सहसा कुणी भांडत नाही.

आणि मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा माझ्या सहकारीने विचारलं, "तुमचा पेमेंट कन्झ्युमर मध्येच मेला तर उठल्यावर तो कुठून सुरू करतो?" मुलाखत घेणाऱ्या दोघांपैकी एकाने उत्तर द्यायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, आणि पुढची वीस मिनिटं तिघं व्हाइटबोर्डपाशी उभी होती.