नावाचा रकाना रिकामा का

‘ग्रुप फोटो पाठवला की तुम्ही रांगा, कपडे, मागची पाटी, सगळं सांगता. मग चेहरे बघून नावं तेवढी का सांगत नाही?’

छायाचित्रांच्या नोंदी करणं हे माझं काम आहे, त्यामुळे लोक मला फोटो पाठवतात आणि पुष्कळदा नुसताच फोटो पाठवतात. सोबत एक ओळही नसते. मागे असाच एक आला होता: तीन रांगांत 23 माणसं, पुढचे खुर्च्यांवर बसलेले, मागे एक पाटी. पाठवणाऱ्याला काय हवं असेल? फोटो साफ करून हवा असेल, साल हवं असेल, मोठी प्रत हवी असेल. किंवा त्यातल्या कुणाला तरी शोधायचं असेल. ही शेवटची शक्यता माझ्या डोक्यातून कधीच जात नाही, कारण फोटो पाठवणारा एक असतो आणि उरलेल्या 22 जणांना तो कुणाकडे गेला याचा पत्ताही नसतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी नावं सांगत असे. एका कार्यक्रमाच्या फोटोत मागच्या रांगेत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. त्या गृहस्थांचे दुसरे पाच-सहा फोटो मी हाताळले होते, त्यामुळे शंका आलीच नाही. मी नोंदीत नाव लिहिलं. बऱ्याच काळाने त्यांच्या मुलीचं पत्र आलं: वडील त्या कार्यक्रमाच्या दोन वर्षं आधीच गेले होते. तोवर माझ्या नोंदीवरून ते नाव आणखी दोन ठिकाणी छापलं गेलं होतं. मी माझी नोंद दुरुस्त केली, पण त्या छापील प्रतींचं काय करणार? आणि ज्याच्या चेहऱ्याखाली ते नाव गेलं, तो माणूस कोण होता हे मला आजही माहीत नाही.

पुढे एक प्रयोग वाचनात आला आणि माझी चूक कशी झाली ते कळलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रॉब जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 40 फोटोंचा गठ्ठा दिला आणि एकेका माणसाचे फोटो वेगळे करायला सांगितलं. गठ्ठ्यात माणसं दोनच होती, प्रत्येकीचे 20 फोटो. दोघी नेदरलंड्समधल्या प्रसिद्ध स्त्रिया, पण ब्रिटनमधल्या लोकांना अनोळखी. ब्रिटिशांनी केलेल्या ढिगांची संख्या साधारण सात-आठ भरली. कुणाला वाटलं ही वेगळी बाई, कुणाला वाटलं ती वेगळी. उजेड, केस, हसू, कॅमेऱ्याचं अंतर बदललं की एकच चेहरा अनेक माणसांचा वाटतो. तोच गठ्ठा डच लोकांना दिला तेव्हा त्यांनी जवळजवळ बिनचूक दोन ढीग केले, कारण त्या दोघींना त्यांनी अनेकदा पाहिलेलं होतं. म्हणजे ओळख पटते ती परिचयामुळे. मी त्या गृहस्थांना कधीच भेटले नव्हते. पाच-सहा फोटो बघून मला ओळखीचा भास झाला होता, एवढंच.

चुकीचं नाव एकदा चिकटलं की सहज सुटत नाही. 1945 साली इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा अमेरिकी सैनिकांचा फोटो जगभर पोहोचला. त्यातलं एक नाव 1947 मध्ये बदलावं लागलं, दुसरं 2016 मध्ये आणि तिसरं 2019 मध्ये. सहांपैकी तीन. इतक्या प्रसिद्ध फोटोची ही गत, तर कपाटातल्या एखाद्या फोटोतली चूक शोधायला कोण बसणार?

पण समजा, मी अचूक ओळखलं. तरीही मी नाव सांगत नाही, आणि माझ्या लेखी हेच खरं कारण आहे. त्या 23 जणांत कुणी घर सोडून आलेली असेल, कुणी मारहाण करणाऱ्या माणसापासून लपून दुसरीकडे राहत असेल, कुणाला ती संस्था आता आपल्या आयुष्यात नको असेल. नुसता चेहरा गर्दीतला असतो. त्याला नाव जोडलं, पाटीवरून जागा जोडली, साल जोडलं, की त्या माणसाच्या दारापर्यंत जाणारी वाट तयार होते. ही वाट कुणाला हवी आहे ते फोटो पाठवणाऱ्याच्या मौनातून मला कसं कळणार? याच कारणाने चेहऱ्यावरून कुणाचा धर्म, जात, आजार किंवा ‘हे दोघं नवरा-बायको दिसतात’ असलं काहीही मी लिहीत नाही.

लिखित आधार असेल तर गोष्ट निराळी. छातीवरचा बिल्ला, खेळाडूच्या पाठीवरचं नाव, फोटोमागची यादी, यांतून आलेलं नाव मी आधारासकट नोंदवते: ‘मागील मजकुरानुसार’. त्यातही एक खोड असते. त्या 23 जणांच्या फोटोमागे ‘डावीकडून’ म्हणून बसलेल्या पाच जणांची नावं होती. मला मात्र आलं होतं निगेटिव्हचं स्कॅन, आणि वेगळा पाठवलेला त्या मागच्या बाजूचा फोटो. पाटी पुसट, अक्षरं लागत नव्हती. पण बहुतेकांची घड्याळं उजव्या मनगटावर दिसत होती, आणि पुरुषांच्या शर्टांची काजं, जी घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असायला हवीत, ती उजवीकडे होती. निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झालं होतं. यादी तशीच लावली असती तर मधला सोडून बाकी चौघांची नावं आपसांत बदलली असती. स्कॅन फिरवलं आणि पाटीवरचं सालही वाचता आलं.

मग मी उत्तर लिहिलं. प्रत्येकाला क्रमांक दिला: पहिल्या रांगेत 1 ते 5, दुसरीत 6 ते 14, तिसरीत 15 ते 23. जिथे काही वेगळं दिसलं तिथे ते लिहिलं: 9 हिने वही छातीशी धरली आहे, 12 कॅमेऱ्याऐवजी शेजारणीकडे बघते आहे, 20 याचा अर्धा चेहरा पुढच्याच्या डोक्यामागे गेला आहे. पाटीवरचं साल, सावल्यांवरून डावीकडून येणारा उजेड, मागच्या यादीतली पाच नावं आधारासकट. शेवटी दोन प्रश्न: तुम्हाला यातून नेमकं काय हवं आहे? आणि यातली माणसं तुमच्या घरात कुणाच्या ओळखीची आहेत का?

दुसऱ्या दिवशी फोन आला. पाठवणाऱ्याच्या आईला आता दिसत नव्हतं आणि तिला हा फोटो कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता. त्याला ते मागायचं कसं हेच सुचलं नव्हतं. माझं वर्णन त्याने तिला रांगेरांगेने वाचून दाखवलं. वहीपाशी आल्यावर तिने त्याला थांबवलं. ती वही तिचीच होती. त्या दुपारी तिने आणखी आठ जणांची नावं सांगितली, आणि ती नोंदीत ‘क्रमांक 9 यांच्या आठवणीनुसार’ अशी गेली. 12 कोण हेही तिला पक्कं माहीत होतं. ते लिहू नका, म्हणाली. तिच्यापुढचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.