पुण्याच्या बिलाची मेल मंगळवारी साडेदहाला परत येते

बेळगावच्या उद्यमबागेत काकांचं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंगवर टर्निंग, ड्रिलिंग करून आम्ही माल पुण्या-कोल्हापूरला पाठवतो. मशीनचं मला काही कळत नाही. बिलं, चलन, टेस्ट सर्टिफिकेट आणि वसुली माझ्याकडे, म्हणजे दिवसभर जीमेल उघडं. आधी मी उरलेल्या कामाच्या मेलवर तारा लावायची. पण ताऱ्याला तारीख नसते. आज काही करता येणार नाही अशा मेलसुद्धा रोज डोळ्यांसमोर, आणि ज्या दिवशी करायचं त्या दिवशी तीच मेल पन्नास ताऱ्यांत हरवलेली.

मग स्नूझ वापरायला लागले. मेलच्या ओळीवरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की ती इनबॉक्समधून जाते आणि ठरवलेल्या वेळी सगळ्यांत वर येऊन बसते. हे कुणीही दोन मिनिटांत शिकेल. मला वेळ लागला तो परत येण्याची तारीख कशी ठरवायची हे कळायला.

एक बिल घेऊन सांगते. पुण्याच्या एका कंपनीला आमचा माल ३ मार्च २०२५ ला पोचला. त्यांच्याशी लेखी करार आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या वर जात नाही. ३ मार्चपासून ४५ दिवस म्हणजे १७ एप्रिल, गुरुवार. सरळ हिशेबाने मेल १७ तारखेला परत यावी, नाही का? पण ती कंपनी पेमेंट गुरुवारीच सोडते आणि त्याची यादी मंगळवारी संध्याकाळी बंद होते. म्हणजे १५ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत आपलं बिल यादीत हवं. १४ ला आंबेडकर जयंती, त्याआधी शनिवार-रविवार, १० ला महावीर जयंती. शिवाय त्यांच्या स्टोअरने माल जमा केल्याची नोंद बिलाशी जुळवायला दोनेक दिवस लागतात, आणि नेमका तिथंच काहीतरी कागद अडकतो. गुरुवार हुकला तर शुक्रवारी गुड फ्रायडे, म्हणून थेट पुढचा आठवडा. हे सगळं मांडल्यावर तारीख निघाली मंगळवार, ८ एप्रिल. स्नूझला मुदतीची तारीख द्यायची नाही. माझ्या हालचालीचा अजून उपयोग होईल असा दिवस द्यायचा.

वेळही तशीच. `Tomorrow` किंवा `Next week` निवडलं तर मेल सकाळी आठला येते. आठला मी स्वयंपाकघरात असते. फोनवर मेल दिसते, बोट लागून उघडते, ‘वाचलेली’ होते, आणि ऑफिसात पोचेपर्यंत ठळक अक्षरं गेलेली असतात. म्हणून मी नेहमी `Pick date & time` उघडून साडेदहा टाकते. तोवर पुण्याचे साहेबही खुर्चीत बसलेले असतात.

दुसरी अडचण अशी, की महिन्याभराने परत आलेली मेल स्वतःहून काही सांगत नाही. ही कशाला थांबवली होती? स्नूझला टिपण जोडायची सोय जीमेलमध्ये नाही. त्यावर मी असं करते: स्नूझ करण्याआधी त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे ती मेल आणि तिच्यावरच्या उत्तरांच्या साखळीत, उत्तराचा मसुदा लिहून ठेवते. बिल नंबर, माल पोचल्याची तारीख, मुदत, ‘या गुरुवारच्या यादीत घ्यावे ही विनंती’. पाठवत नाही, नुसतं बंद करते, मग स्नूझ. मेल परत येते तेव्हा मसुदा तिच्या पोटातच असतो. मग तीच मेल ८ तारखेला आपोआप जाईल अशी का लावून ठेवू नये, असं एका मैत्रिणीनं विचारलं. कारण तोवर पैसे आलेले असू शकतात. पैसे देऊन बसलेल्या माणसाला तगाद्याची मेल गेली तर पुढच्या ऑर्डरला तो तोंड वाकडं करतो. म्हणून आधी बँकेचं स्टेटमेंट बघते आणि मगच सेंड दाबते.

आता खरी मेख. स्नूझ एका मेलला लागत नाही, सगळ्या थ्रेडला लागतो. मधल्या काळात त्याच थ्रेडवर कुणाचं उत्तर आलं तर थ्रेड लगेच इनबॉक्समध्ये येतो. पुण्याच्या बिलाचं तेच झालं. मार्चच्या शेवटी त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागितली. मी ती पाठवली. इथं माणूस थ्रेड आर्काइव्ह करून मोकळा होतो आणि ८ एप्रिल गेली समजा, कारण मेल वर आली तेव्हाच आधीचा स्नूझ संपलेला असतो. उत्तर पाठवलं की पुन्हा स्नूझ, तीच तारीख, हा क्रम आता हाताला बसलाय. शंका आली की सर्चमध्ये `in:snoozed` टाकायचं. जे थांबलेलं आहे ते सगळं तिथं परतीच्या तारखेसकट दिसतं. तिथं नसेल तर स्नूझ नाही.

घरच्याच धंद्यात एक भानगड वेगळीच असते. काकांच्या फोनवरही हेच जीमेल खातं आहे. मी इथं स्नूझ केलं की मेल त्यांच्या फोनवरूनही जाते. “अगं, पुण्याची मेल कुठं गेली? उडवलीस काय?” असा फोन एकदा थेट हुबळीहून आला. काका, उडवली नाही, आठ तारखेला येईल, म्हटलं तर म्हणाले, “आणि तोवर मी कुठं शोधू?” रास्त प्रश्न होता. त्यांना बाजूच्या मेन्यूतलं `Snoozed` दाखवून दिलं. मसुदे मात्र उघडू नका म्हणून निक्षून सांगितलंय.

म्यूट मी फार कमी वापरते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने सगळ्या सप्लायरना एकाच मेलमध्ये घातलं होतं. पाडव्याच्या शुभेच्छा, त्यावर सगळ्यांना ‘धन्यवाद सर’, मग कुणाचा उगादीचा फोटो. अशा थ्रेडवर मला कधीच काही करायचं नसतं, म्हणून त्याला तीन टिंबांच्या मेन्यूतून `Mute`. पुढची उत्तरं येतात, पण इनबॉक्स टाळून ‘ऑल मेल’मध्ये जाऊन पडतात. तारीख मात्र नसते. म्यूट केलेली मेल ठरलेल्या दिवशी परत येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून म्यूट करणारे इथंच फसतात.

आपल्याकडे लोक नवीन मेल लिहित नाहीत हाही धोका आहे. जुनी मेल काढायची, सगळ्यांना उत्तर दाबायचं आणि शुभेच्छांच्याच थ्रेडवर पॅकिंगची नवी सूचना टाकायची! म्यूट असेल तर ती सूचना गुपचूप आत जाते. म्हणून दर शनिवारी `is:muted is:unread` शोधते. न वाचलेलं जे पडलं असेल ते दोन मिनिटांत नजरेखालून जातं, आणि कामाचं निघालं तर त्या थ्रेडचं म्यूट काढते. उलटही होतं. विषयाची ओळ बदलली किंवा थ्रेड १०० मेलच्या पुढे गेला की जीमेल नवा थ्रेड धरतं, आणि म्यूट केलेला गोंगाट नव्या नावाने पुन्हा दारात. शुभेच्छांच्या बाबतीत हे वर्षातून बऱ्याचदा घडतं, कारण प्रत्येक सणाला विषय वेगळा. तिथं म्यूटचा काही उपयोग नाही. त्या गिऱ्हाइकाच्या एचआरच्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्या मेल इनबॉक्सबाहेर वेगळ्या लेबलात जातील असा फिल्टर लावला. खरेदी विभागाचा पत्ता वेगळा आहे, त्याला हात लावलेला नाही.