उतरू का तुझ्याकडे?

"तुझ्याकडे चार दिवस उतरले तर चालेल का गं? अडचण असेल तर मोकळेपणाने सांग हं."

काही वर्षांपूर्वी हे वाक्य मी फोनवर, दुसरंच काहीतरी बोलता बोलता टाकलं होतं. पलीकडून लगेच आलं, "विचारतेस काय! ये की." विषय तिथेच संपला आणि मी बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये मैत्रीण जमिनीवर चादर टाकून झोपली होती. तिच्या उशाशी तिची मुलगी भिंतीला टेकून वाचत बसली होती. टेबललॅम्प जमिनीवर ठेवून भिंतीकडे वळवला होता आणि वरून ओढणी टाकली होती, माझ्या दाराच्या फटीतून उजेड यायला नको म्हणून. मी परत खोलीत आले आणि कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्याच दारामागे मी दोन वेळा कपडे टांगले होते, पण पोरीच्या खोलीतला एखादा कागद असेल म्हणून त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. चार पेपर होते. त्यातले दोन माझ्या मुक्कामातच येत होते.

मैत्रीण खोटं बोलली असं मला कधीच वाटलं नाही. फोनवर समोरच्याला उत्तरासाठी फार तर एक-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात तिने तारखा आठवायच्या, मुलीचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणायचं, नवऱ्याचा चेहरा आणायचा, आणि वर आवाजात अडखळ येऊ द्यायची नाही. अडखळली तर तेच उत्तर झालं. "ये की" म्हणणं त्या क्षणी सगळ्यात सोपं होतं. मी "मोकळेपणाने सांग" म्हटलं होतं खरं, पण मोकळेपणासाठी जागाच ठेवली नव्हती.

त्या वाक्याची गंमत मला पुढे कळली. निकोला गेगेन आणि अलेक्झांडर पास्कुआल या दोन फ्रेंच संशोधकांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांकडे बससाठी सुटे पैसे मागायचे. नुसते मागितले तेव्हा १० टक्के लोकांनी दिले. मागणीच्या शेवटी "द्यायचे की नाही, तुमची मर्जी" एवढं जोडलं, तर साडेसत्तेचाळीस टक्के लोकांनी दिले. म्हणजे नकाराची मुभा देणारं वाक्य होकार काढून घेण्याचं काम फार चोख करतं. आपण मनाचा मोठेपणा म्हणून बोलतो आणि समोरचा त्या मोठेपणाखाली दबून हो म्हणून जातो. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असंही दिसलं की निर्णय जागच्या जागी घ्यायचा नसेल तर या शब्दांचा जोर ओसरतो. हे वाचलं आणि मला त्या ओढणी टाकलेल्या लॅम्पची आठवण झाली. तिला माझे गोड शब्द नको होते, दोन दिवस हवे होते.

तेव्हापासून मुक्कामाचं मी फोनवर विचारत नाही. लिहून विचारते. कोरडं वाटतं हे मान्य. माझी आई तर म्हणते, घरच्यासारख्या माणसाला अर्ज कसला करतेस? पण लिहिलेल्या मजकुराला चेहरा नसतो, आणि इथे तोच फायदा आहे. २०१७ च्या एका अभ्यासात तीच विनंती समोर उभं राहून केली तर ईमेलपेक्षा चौतीस पट जास्त यश आलं होतं. ज्याला काम काढून घ्यायचं आहे त्याने समोर जाऊन उभं राहावं. मला मैत्रिणीकडून काम काढून घ्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी पुन्हा तिच्याच शहरात चार दिवसांची कार्यशाळा निघाली. दोन आठवडे आधी मी तिला लिहिलं ते असं:

"१४ ते १८ तुमच्या गावात आहे, एकूण चार रात्री. १४ ला रात्री नऊला पोचेन, १८ ला सकाळी निघेन. दिवसभर बाहेरच असेन. कार्यशाळेजवळ लॉज घेतलंय, ते ९ तारखेपर्यंत रद्द करता येतं. तुमच्याकडे राहायला आवडेल, पण त्या आठवड्यात घरात काय चाललंय ते मला माहीत नाही. ७ पर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर लॉजच पक्कं समजेन, कळवायचीही गरज नाही. राहणं जमो न जमो, १६ ची संध्याकाळ मोकळी ठेवलीय, बाहेर कुठेतरी भेटू."

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य ७ तारखेचं. एरवी आपण असं विचारतो की गप्प बसणं म्हणजे होकार लांबवणं ठरतं आणि नकारासाठी तोंड उघडावं लागतं. इथे उलटं केलं. तिने काहीच केलं नाही तर नकार आपोआप होतो. होकारासाठी मात्र तिला हात हलवावा लागतो, आणि ज्याला खरंच बोलवायचं असतं तो तेवढा हात हलवतोच.

दुसरं लॉजचं. ते खरंच घेतलेलं हवं. "बघते काहीतरी दुसरीकडे" याला काही अर्थ नसतो. ऐकणाऱ्याला लगेच दिसतं की दुसरीकडे काही नाही, आणि आपण नाही म्हटलं तर ही बाई बॅग घेऊन फिरत बसणार. थाप मारली तर पंचाईत आणखी मोठी. त्या लॉजचं नाव, जागा, पोचायचा रस्ता, सगळं ती काळजीने विचारणार. ज्याच्याकडे लॉजचे पैसेच नाहीत त्याने काय करावं? त्याने सोय आहे असं भासवू नये. "मला गरज आहे" असं सरळ लिहावं आणि मागणी लहान करावी: चार रात्रींऐवजी पहिली एक. एका रात्रीसाठी कुणी पोरीची खोली रिकामी करत नाही, आणि नाहीच जमलं तर आणखी कुणाला तरी विचारायला वेळ उरतो.

तारखा, पोचायची वेळ, निघायची वेळ हा तपशील कोरडा असतो, पण तोच मोठा आधार असतो. "दोन-चार दिवस" म्हटलं की घरातला माणूस मनात सहा धरतो. शिवाय होकार देणारा आणि पाहुण्याचं करणारा हे नेहमी एकच माणूस नसतात. तिला तो मजकूर नवऱ्याला, सासूबाईंना दाखवता यायला हवा. म्हणून त्यात आमचे जुने विनोद घालत नाही, "तुझ्या नवऱ्याला सांग की" वगैरे नाही, आणि त्याला वेगळा मेसेज तर कधीच नाही. एकाच घरात दोन दारं वाजवली की नकार द्यायला दोघांची बैठक बसवावी लागते.

सगळ्यात वाईट प्रकार आडवळणाचा. "तुमच्याकडे लॉज बरं कुठलं गं?" हे विचारणं फार सभ्य वाटतं, कारण आपण मागितलेलं काहीच नसतं. पण या प्रश्नाला लॉजचं नाव सांगणं म्हणजे मैत्रिणीला घराबाहेर ठेवणं. त्यामुळे "घर असताना लॉज कशाला?" हे पलीकडून यावंच लागतं, मनात असो वा नसो. मग आपण दोनदा "नको गं" म्हणायचं, तिने तिसऱ्यांदा आग्रह करायचा आणि शेवटी दोघींनाही कळत नाही की नेमकं कुणाला काय हवं होतं.

उत्तर आल्यावर ते वाचणं हा वेगळा भाग. खरा होकार कामाला लागलेला असतो. "नऊला म्हणजे कुठल्या गाडीने?", "वरच्या खोलीचा पंखा वाजतो, चालेल ना?" असं काही आलं तर निर्धास्त जावं. "ये की, करू ॲडजस्ट" आलं तर मी थांबते. ॲडजस्ट कोण करणार आहे हे त्या वाक्यात लिहिलेलं नसतं. "घरी विचारून सांगते" नंतर दोन दिवस शांतता असेल तर मी पुन्हा आठवण करत नाही. आठवण करणं म्हणजे आपणच बंद केलेला दबाव मागच्या दाराने आत आणणं. अशा वेळी मीच लिहिते, "राहू दे, लॉज पक्कं केलं, १६ ला भेटू." पलीकडून लगेच अंगठा येतो. इतक्या चटकन आलेला अंगठा बरंच काही सांगून जातो.

गेल्या वर्षी मात्र तिचं सरळ उत्तर आलं. ५ तारखेला, एवढंच: "या वेळी नाही जमणार गं. १६ नक्की."

आणि मला ते लागलं. एवढी दारं उघडी ठेवून, एवढी मांडामांड करून, ती दारातून बाहेर गेली तेव्हा मला लागलं! मी "का गं, सगळं ठीक ना?" असं टाइप केलं. मग पुसलं. काळजीच्या वेषातही तो जाबच होता, आणि तिला आता कारण शोधावं लागलं असतं. कारण खरं असतं तर ते सांगणं तिला जड गेलं असतं, नसतं तर बनवावं लागलं असतं. "अगं अजिबात हरकत नाही, खरंच, मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस" हेही टाइप करून पुसलं. एवढी समजूत घातली की समोरच्याला वाटतं, नक्कीच काहीतरी बिघडलंय. शेवटी "बरं. १६ ला साडेसहा?" एवढंच पाठवलं.

१६ ला ती आली. तीन तास बसलो. का जमलं नाही ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघताना तिने मुलीला निकालात किती मिळाले ते मात्र सांगितलं, आणि त्या लॅम्पची गोष्ट काढून हसली. मला वाटलं होतं, ती फक्त मलाच माहीत आहे.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. तारखा, एकूण तीन रात्री, पोचायची वेळ, घेतलेलं लॉज, अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर पक्कं समजेन. माझाच साचा, जवळपास शब्दाला शब्द. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे रंगकाम निघालं होतं, सगळं सामान एका खोलीत कोंबलेलं. गप्प बसले असते तरी चाललं असतं, सोय तिनेच करून ठेवली होती. तरी मी "या वेळी नाही जमणार" लिहिलं आणि पुढे रंगकामाचं सगळं पुराण लिहायला घेतलं. कुठल्या खोलीला कुठला हात झाला इथपर्यंत पोचले होते. मग वर जाऊन तिचा गेल्या वर्षीचा मेसेज पाहिला, पुराण पुसलं, आणि भेटायच्या संध्याकाळची तारीख टाकली.